सकाळी फिजिक्स, दुपारी बॉटनी

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी फिजिक्सच्या एका पेपरात मी नापास झाले. बाकीचे विषय सुटले म्हणून दुसऱ्या वर्षात बसता आलं, पण तो राहिलेला पेपर त्या वर्षीच्या परीक्षेसोबत पुन्हा द्यायचा होता. वेळापत्रक लागलं ते मी नोटीसबोर्डासमोर उभं राहून दोनदा वाचलं. पहिल्या वर्षाचं फिजिक्स सकाळी साडेआठला आणि त्याच दिवशी दुपारी अडीचला दुसऱ्या वर्षाची बॉटनी. आधीचा पेपर संपल्यावर मधे सहा दिवस होते.

आमचं गाव राधानगरीकडं. कॉलेजसाठी मी कळंब्याला चुलतभावाकडं राहत होते. दादा सकाळी कामावर जायचा, घरात वहिनी आणि मी. वहिनी लग्नानंतर बाहेरून बारावी झालेली होती, आणि आता बालवाडीत शिकवत होती.

पहिल्या दिवशी मी एक तास फिजिक्स, एक तास बॉटनी असं सुरू केलं. उष्णतेचं एखादं गणित अर्ध्यावर आलं की घड्याळात तास भरायचा. मग नेच्याचं जीवनचक्र काढायला घ्यायचे, तर डोक्यात ते अर्धं गणित. वही मिटायची, उघडायची, पाणी प्यायला उठायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं एकही प्रकरण पुरं झालं नव्हतं.

वहिनी बालवाडीतून आली आणि माझ्यासमोर पसरलेली दोन्ही पुस्तकं बघून खालीच बसली. कुठला पेपर आधी आहे, किती वाचून झालंय, सगळं विचारलं. मग बॉटनीचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"वन्सं, दुपारचा इषय आधी संपवा. सकाळचा शेवटाला घ्या. आदल्या दिशी दुपारच्याला हात लावायचा न्हाय."

मी म्हटलं, बॉटनी पाठांतराची, आधी वाचली तर तोवर विसरेन. त्यावर ती म्हणाली की एकेक प्रकरण झालं की त्याची नावं आणि आकृत्या एकाच कागदावर काढून ठेवायच्या. दोन पेपरांच्या मधल्या वेळात तेवढा कागद बघायचा. दोन्ही पुस्तकं बघायला त्या दिवशी वेळच मिळणार नाही. तिनंच दिवस मोजून दिले: चौथ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत बॉटनी, उरलेले दोन दिवस फक्त फिजिक्स.

पटलं होतं. पण ज्या विषयात एकदा नापास झाले तो दोन-अडीच दिवस उघडायचाच नाही, हे मला झेपेना. वहिनी बालवाडीला गेली की मी फिजिक्सची वही काढायचे. एकच गणित म्हणून बसायचे आणि अख्खी सकाळ जायची. परिणाम व्हायचा तोच झाला. चौथ्या संध्याकाळी बॉटनीचं शेवटचं प्रकरण तसंच राहिलं.

ते मी वहिनीला सांगितलं. फिजिक्सचा एक दिवस तोडून ते प्रकरण करते म्हणाले. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं बाजूला ठेवलं.

"ऱ्हाऊ दे त्ये. त्येच्यापायी फिजिक्स पुन्यांदा ऱ्हाईल."

मग मी खरंच दोन दिवस फिजिक्स सोडून काही उघडलं नाही. सोडलेलं प्रकरण मात्र खिळ्यासारखं टोचत होतं.

फिजिक्सचा पेपर साडेअकराला सुटला. पेपर बरा गेला होता. पण बाहेर आल्याबरोबर माझ्यासारखाच विषय राहिलेली एक मुलगी उत्तरं जुळवू लागली आणि एका गणितात तिचं उत्तर वेगळं निघालं. मी जिन्यात बसून ते गणित प्रश्नपत्रिकेच्या मागं पुन्हा सोडवलं. माझंच चुकलं होतं. बारा वाजून गेले होते. जो पेपर आता बदलता येणार नव्हता त्यात मी अर्धा तास घालवला होता.

डबा खाल्ला, पण चव लागली नाही. मग मी नको तेच केलं. पिशवीतून पुस्तक काढून ते राहिलेलं प्रकरण उघडलं. वीसेक मिनिटं वाचलं. एक नवीन नाव डोक्यात जाई तसं आधीचं एक पुसट होई. नेच्याची पाठ असलेली आकृतीसुद्धा आठवेना. पुस्तक मिटलं, पिशवीत तळाशी घातलं आणि कागद काढला. अडीचपर्यंत त्यातली एकेक आकृती बघून, झाकून, कोऱ्या पानावर काढत राहिले. तिसऱ्या-चौथ्या आकृतीला हात सैल झाला.

राहिलेल्या प्रकरणावर मोठा प्रश्न आलाच. त्याला पर्याय होता, तो लिहिला. त्याच प्रकरणातल्या दोन छोट्या टिपा मात्र सोडाव्या लागल्या.

त्या संध्याकाळी वहिनीनं पेपर कसे गेले ते विचारलं, तेव्हा मी चोरून फिजिक्स करत होते हेही सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, तिला माहीत होतं. रोज बालवाडीतून आल्यावर बॉटनीचं पुस्तक सकाळच्याच पानावर उघडं दिसायचं.

निकालात फिजिक्स सुटलं. बॉटनी माझा आवडता विषय, आणि त्यातच त्या वर्षी सगळ्यात कमी मार्क पडले. गावी वडिलांनी गुणपत्रिका हातात घेऊन दोन्ही आकड्यांवर बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, आता काही मागं राहिलं नाही ना. मी नाही म्हणाले. त्या दोन टिपा मात्र मला अजून डाचतात.