उघड्या दाराचा लॅच

पुण्याच्या क्लायंट टीमनं चिपमधला गुणाकार-बेरजेचा ब्लॉक आमच्याकडे टाकला, तोही ‘हा याहून जोरात पळणार नाही’ असं सांगून. राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या चिप-डिझाइन ऑफिसला तो हव्या त्या वेगानं पळवणं जमलं नाही, तर सगळं काम पुण्याला परत जाणार होतं आणि नोकरीसाठी कामामागोमाग मीही. मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. त्या नुसत्या विचारानं माझं डोकं फिरायचं.

अडचण अशी. चिपला ठोके देणाऱ्या क्लॉकच्या एका फेरीत गुणाकार, पुढच्या फेरीत बेरीज, मध्ये आकडा धरून ठेवणारा फ्लिप-फ्लॉप. हा महाखडूस. ठोका पडला की दार बंद. गुणाकाराला एक फेरी पुरत नव्हती, आणि बेरीज अर्ध्या वेळात उरकून नुसती बसून राहायची. गुणाकाराचा भाग तयार आलेला, तो मधूनच तोडायची सोय नव्हती. म्हणून मी मधला फ्लिप-फ्लॉप काढून लॅच बसवला. लॅच ठोक्याला दार उघडतो आणि अर्धी फेरी उघडंच ठेवतो. गुणाकार जरा उशिरा आला तरी पुढे जातो. तेवढा वेळ त्याला बेरजेच्या फावल्या वेळातून उसना मिळतो. उघड्या दारातून पुढचा आकडा घाईनं घुसून आधीच्याला पुसू नये, म्हणून जलद वाटांवर बफर घालून त्यांना उशीरही करून ठेवला.

एवढं करून वेळ तपासणारं टूल चालवलं, तर पुन्हा नापास. आमचे सर गडमुडशिंगीचे, टोमण्याची संधी सोडत नाहीत.

“लॅच न्हाय, भिताड बसीवलंयस की! वेळ कितीनं कमी पडतोय?”

“सर, जवळजवळ आधीइतकाच.”

बोलता बोलताच मी थांबले. म्हणजे उसनवारी होतच नव्हती! आमच्या धंद्यात टूलला वेळेचे नियम सांगणारी टायमिंगची स्क्रिप्ट कुणी नव्यानं लिहीत नाही. क्लायंटची घ्यायची, नावं बदलायची आणि हात जोडायचे. ही पुण्याचीच होती. मी ती ओळ न् ओळ वाचली. एका ओळीत उसन्या वेळेची मर्यादा शून्य! कुठल्यातरी जुन्या, निव्वळ फ्लिप-फ्लॉपच्या प्रोजेक्टमधून ती आली असणार. मी असली ओरडले की शेजारच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं.

दार बंद व्हायच्या थोडं आधीपर्यंत उसनं घेता येईल, अशी मर्यादा मी घातली. गुणाकारानं वेळ घेतला, बेरीज तरीही वेळेत संपली. गरम चिप, थंड चिप, सगळीकडे पास. मला नाचावंसं वाटत होतं.

व्हिडिओ कॉलवर पुण्याचे लीड म्हणाले, “लॅच तर आम्हीही लावून पाहिले होते. काडीचा फरक पडला नव्हता.”

मी ती ओळ स्क्रीनवर दाखवली. ते पुढे वाकून ती वाचू लागले. “ही आमचीच आहे,” शेवटी म्हणाले.

“व्हय की!” सर गरजले. “पावणं, आता फुडचा ब्लॉक बी हिकडंच धाडा.”

“धाडतो,” ते हसत म्हणाले.

कॉल चालू असतानाच मी पुण्यातल्या मैत्रिणीला मेसेज टाकला, माझ्यासाठी खोली शोधू नकोस.