सहा स्लाइडी

खालापूरजवळच्या एका रिसॉर्टच्या मार्केटिंगच्या जागेसाठी मला दुसऱ्या मुलाखतीला बोलावलं, तेव्हा त्यांनी एक केस दिली होती. शनिवार-रविवार खोल्या भरतात, सोमवार ते गुरुवार ओस पडतात, तर काय कराल? प्रेझेंटेशनला दहा मिनिटं.

मी आधी कागदावर आराखडा केला. सहाच स्लाइडी. पहिल्या स्लाइडवर थेट उत्तर: आठवड्याच्या मधल्या दिवसांत आसपासच्या कारखान्यांना प्रशिक्षण आणि बैठकांसाठी जागा द्या. मग अडचण नेमकी काय, गिऱ्हाईक कोण, त्याला द्यायचं काय, त्याच्यापर्यंत पोचायचं कसं. शेवटी खर्च, आणि योजना चालते की नाही हे कशावरून ठरवायचं. हे नुसतं मनाने लिहिलं नव्हतं. कुंभिवलीच्या कारखान्यांच्या फाटकांवर उभी राहून मी तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलले होते. कर्जतला दहिवलीत घरी ताईसमोर मोबाईलवर वेळ लावून बोलून पाहिलं. ताई म्हणाली, "आकडे वाचून दाखवू नको गं, ते दिसतात. त्याचा अर्थ सांग."

मुलाखतीला मालक, त्यांचा मॅनेजर आणि एचआरच्या एक बाई होत्या. मी दुसऱ्या स्लाइडवर गेले आणि मालकांनी फोन उचलला. बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, लग्न ठरलंय का, कर्जतहून रोज येणं जमेल का. तिसरी स्लाइड चालू असताना मॅनेजर म्हणाला, वेळ नाही, शेवटचं सांगा. माझं उत्तर पहिल्याच स्लाइडवर होतं. ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, म्हणून एका वाक्यात पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. आवाज अगदी गोड. सरांना तुमची कल्पना फार आवडली, फाइल मेल करा म्हणाल्या. मी नोकरीचं विचारलं.

"ती जागा आतल्याच माणसाला दिलीय. आधीच ठरलं होतं."

माझी कानशिलं तापली. आधीच ठरलं होतं, तर मला कशाला बोलावलं? मी उन्हातान्हात फाटकाफाटकांवर उभी राहिले ती कुणासाठी?

"मॅडम, ते काम मी नोकरीसाठी केलं होतं," मी म्हटलं. "नोकरी नाही, तर फाइलही नाही."

त्या म्हणाल्या, असं वागलात तर पुढे कसं व्हायचं तुमचं. मी फोन ठेवला. ताईला सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, "बरं केलंस. आता जेव."

मी जेवले नाही. फाइल उघडून पहिल्या स्लाइडवरचं त्यांच्या रिसॉर्टचं नाव पुसलं आणि चौक गावाजवळच्या दुसऱ्या एका रिसॉर्टला अर्ज लिहायला बसले. तिथेही त्यांनी केस दिली, पण सगळं ऐकून घेतलं, प्रश्नही विचारले. नोकरी मिळाली. आता आठवड्याच्या मधल्या दिवसांतही आमचं आवार गजबजलेलं असतं. तरी तो गोड आवाज आठवला की माझं डोकं अजून फिरतं.