नऊ दिवसांचा माल

गोदामात सगळे तिला मोजमावशी म्हणत. रॅकवरचे खोके ती चालता चालता नजरेने मोजायची आणि यंत्राचा आकडा तिच्याशी जुळला नाही, तर चूक यंत्राचीच निघायची. अकरा वर्षांपूर्वी हातात स्कॅनर घेऊन ऑर्डरीप्रमाणे माल गोळा करायला ती लागली होती. मग पॅकिंग, आणि गेली सहा वर्षं आवक टेबल. ट्रक आला की चलन तपासायचं, खोके मोजायचे आणि आवक कॉम्प्युटरवर चढवायची. तिथून वरच्या मजल्यावरच्या नियोजन विभागाच्या काचा दिसत. माल किती आणि कधी मागवायचा, ते त्या काचांमागे ठरे.

तिथे एक जागा निघाली आणि गोदामातल्यांनाही अर्ज करता येईल, अशी सूचना लागली. मावशीने कंबर कसली. लेकीने रविवारी दुपारी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून तिला तक्ते शिकवले, सरासरी काढायला शिकवलं, एका यादीतला माल दुसऱ्या यादीत शोधायला शिकवलं. लेक चिडायची, "आई, माउसला एवढं घट्ट धरू नकोस, पळून नाही जाणार." चार महिन्यांत मावशी लेकीच्याच चुका काढू लागली. तिला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती. गुडघे दुखत होते हे खरं, पण कारण ते नव्हतं. खाली बसून वरच्यांच्या चुका निस्तरण्याचा तिला वीट आला होता.

मुलाखतीला नियोजन प्रमुख बाई आणि गोदामाचा सुपरवायझर बसले होते. बाईंनी तक्ता पुढे केला. पाण्याच्या फिल्टरचे रोज चाळीस खोके जातात, मागणी दिल्यापासून माल यायला नऊ दिवस लागतात, अडीअडचणीला शंभर खोके हाताशी हवेत. साठा कितीवर आला की नवी मागणी द्यायची?

"तुमच्या हिशोबाने चारशे साठ," मावशी म्हणाली. "पण तेवढ्यावर मागवलात तर रॅक रिकामा पडेल. हा माल तेरा दिवसांनी येतो. सहाशे वीस धरा."

बाई सावरून बसल्या. असं बोलणारं माणूस त्यांना हवंच होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी लगेच दोन वर्षांच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक आवक नऊ दिवसांची, फार तर दहा.

"तेरा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

मावशीने सुपरवायझरकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढत-घालत होता. ट्रक उशिरा आला की हाच टेबलापाशी येऊन हळूच म्हणायचा, तारीख सांभाळून घ्या, वर उगाच बोंब नको. आणि ती सांभाळून घ्यायची. आवकेची तारीख मागे सरकवायला दोन बटणं पुरत. पुरवठादार वेळेवर दिसे, सुपरवायझरचा महिन्याचा अहवाल स्वच्छ दिसे. माल संपायला आला की ती वर फोन करून मागणी लवकर द्यायला सांगायची, म्हणून रॅक कधी रिकामा पडला नाही. आपण गोदाम चालवतो, याचा तिला केवढा अभिमान होता. आपल्याच अकलेचा पुरावा आपण रोज पुसतोय, हे या मोजमावशीला सहा वर्षांत एकदाही सुचू नये!

"या नोंदी कोणी चढवल्या?" बाईंनी पुन्हा विचारलं. प्रत्येक ओळीपुढे एकच कामगार क्रमांक होता.

"मी," मावशी म्हणाली. "मला सांगितलं जायचं."

"कोणी?" बाईंनी विचारलं. सुपरवायझर म्हणाला की त्याला याची काहीच कल्पना नाही. लेखी काही नव्हतंच.

जागा पदवीवाल्या एका तरुणाला मिळाली. नोंदींत फेरफार केल्याबद्दल मावशीला आवक टेबलावरून काढून पुन्हा माल गोळा करायला लावलं. तोच स्कॅनर, तेच रॅक, आणि गुडघे मात्र अकरा वर्षांनी जुने. सुपरवायझर जागच्या जागी राहिला. घरी लेकीने विचारलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "तक्ता बरोबर आला होता."

वरचा हिशोब अजूनही नोंदींतल्या नऊ दिवसांवरच चालला होता आणि आता वर फोन करणारं कोणी नव्हतं. दोन महिन्यांत फिल्टरचा रॅक तीनदा रिकामा पडला. तिसऱ्या वेळी तो तरुण स्वतः खाली आला, रिकाम्या फळीपुढे उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "मावशी, सगळे म्हणतात तुम्हालाच माहीत आहे. खरं सांगा, हा माल किती दिवसांनी येतो?"

पोरगा सरळ होता, त्याचा काही दोष नव्हता. तेरा हा आकडा तिच्या जिभेवर आला होता.

"नोंदीत बघा, साहेब," ती म्हणाली. "नऊ लिहिलेत. माझ्याच हातचे आहेत."

आणि पुढचा खोका स्कॅन करायला वळली.