आठ अक्षरांत न मावलेलं वाक्य

माझा पासवर्ड मी आजवर कुणाला सांगितला नाही, बायकोलाही नाही. तसा तो कुणीच सांगत नाही. पण मी लपवला, कारण तो माझा नव्हता. आज सकाळी बदलला, म्हणून लिहू शकतो.

कापसाची ती वाईट वर्षं. केळापूरकडच्या एका खरेदी केंद्रावर मी जुना कारकून होतो. त्या हंगामात कॉम्प्युटरवर कापसाचं वजन आणि ग्रेड, म्हणजे प्रत, चढवायला एक मुलगी आली. रोज राळेगावहून एसटीनं यायची. आली की पर्स ठेवायच्या आधी ऑफिसचा फोन उचलायची, एकच घंटी जाऊ द्यायची आणि ठेवायची. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि फोन शेजारच्या किराणावाल्याकडे. पोरगी पोहोचल्याशिवाय म्हातारा सकाळचा चहा घेत नसे. घंटी वाजली की तिकडून ओरडायचा, ‘घंटी आली का? मग ठेव चाय.’

हे मला पासवर्डामुळे कळलं.

पहिल्या दिवशी मी तिचं खातं उघडून दिलं आणि तोंड फिरवून उभा राहिलो. मशीन जुनं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ती इंग्रजी अक्षरांत लांबलचक काहीतरी टाइप करू लागली, तर नवव्या अक्षराला मशीन कुरकुरलं आणि मी वळून पाहिलं. आठच्या पुढे ते घेतच नसे. तिनं पहिला शब्द तेवढा ठेवला, पुढे प्रश्नचिन्ह लावलं. आता खाली ओळ उमटली: फक्त अक्षरं आणि आकडे.

‘हे तर माह्या अब्बाहून जिद्दी हाय, सर,’ ती म्हणाली. मग हसत वडिलांचं ते सगळं वाक्य सांगून टाकलं. ‘आता कामाचं नाही, म्हणून सांगते. हे कुणाच्या बापाला ओळखता आलं नसतं.’

अक्षरं-आकडे मिसळून ती दुसरं काही जुळवू लागली. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर फाटकापर्यंत उभे होते, ग्रेडर हाका मारत होता.

‘गावाचं नाव टाका ना मॅडम,’ मी म्हटलं. ‘कायले एवढं डोकं लावून राह्यल्या?’

इंग्रजीत राळेगाव नेमकं आठ अक्षरांचं. मशीननं मुकाट घेतलं.

त्या हंगामात मी घरून लवकर निघू लागलो. ती एक घंटी ऐकायला मिळावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि होतंही. तिला कधी बोललो नाही.

मग एका दुपारी ती डबा खायला गेली असताना तिच्या नावानं कुणीतरी आत शिरलं आणि एका व्यापाऱ्याच्या गाड्यांतल्या कापसाची ग्रेड वाढवून गेलं. ती राळेगावची आहे हे केंद्रावर चहा आणणाऱ्यालाही ठाऊक होतं. यवतमाळहून साहेब चौकशीला आले. पासवर्ड कुणाला दिला, असं विचारत राहिले. कुणालाच नाही, ती म्हणाली. मग एवढा सोपा काहून ठेवला? तिनं सांगितलं, मी चांगला ठेवत होते, मशीननं घेतला नाही.

साहेब माझ्याकडे वळले. ‘असं होतं का हो?’

मशीन समोरच होतं. नववं अक्षर दाबून दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता: मग गावाचं नाव सुचवलं कोणी?

‘नाही साहेब,’ मी म्हटलं. ‘मशीन सगळं घेते.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव घेईल. तिनं घेतलं नाही. ‘सर म्हणतात तर घेत असंल,’ एवढंच बोलली आणि पर्स उचलली. ती खोटारडी ठरली, कामावरून गेली. पुढच्या हंगामालाही तिला बोलावलं नाही. खरं कोणी केलं, ते कधी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही मी लवकर गेलो. फोन तिथंच होता.

काही वर्षांनी नवी यंत्रणा आली. तिला लांब पासवर्ड हवा होता, चिन्हही हवं होतं. मी बोटं ठेवली आणि तेच वाक्य उमटलं, प्रश्नचिन्हासकट. लगेच घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी मी राळेगावच्या त्या म्हाताऱ्याचं वाक्य टाइप करून कामाला बसत आलो. ते शेवटपर्यंत लिहून होईस्तोवर ती नुकतीच एसटीतून उतरली आहे असं वाटायचं.

कधी राळेगाववरून जायचं झालं की एसटी त्या सायकलच्या दुकानावरून जाते. म्हातारा अजून बसतो, पुढ्यात उलटी सायकल असते. मी कधी उतरलो नाही.

मशीन घेत नव्हतं, तुमची पोरगी खरं बोलत होती, आणि खोटं मी बोललो. हे त्याच्यासमोर आणि तिच्यासमोर उभं राहून सांगणं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.