रतनबाईंचा चढा आवाज

नेवासा तालुक्यातल्या त्या गावात रतनबाईंचं घर कुणी विचारलं तर दिशा सांगायची गरज पडत नाही. “आवाज येतोय ना, तिकडंच जा,” असं सांगतात. बाई भांडखोर नाहीत. गेली वीसेक वर्षं त्यांना मोठ्यानं बोलावं लागतं, एवढंच.

त्यांचे पती राधाकृष्ण साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये होते. उसाच्या मोळ्या रोलरखाली जातात तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माणसं खुणांनी बोलतात. निवृत्तीच्या आधीच त्यांचे कान गेले. आधी गेले ते बारीक आवाज. स, श, त यांसारखी अक्षरं, लहान मुलांचं बोलणं, बाहेर वाजणारा मोबाईल. शिबिरात मिळालेलं कानाचं यंत्र शिट्ट्या वाजवायचं, म्हणून ते डबीतच राहिलं. यंत्राचं काम रतनबाईंनी अंगावर घेतलं. समोर उभं राहायचं, तोंड दिसेल असं बोलायचं, मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. नाही समजलं तर तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं.

हे लागू पडायचं. कारण राधाकृष्णांच्या डोक्यात शब्द सगळे जागेवर होते. आत येणारा आवाज तेवढा अर्धवट होता. ‘पानी तापलंय’ यातलं ‘पा’ आणि ‘लंय’ एवढं जरी पोचलं तरी मधलं ते स्वतः भरून घ्यायचे. आवाज वाढवला की भरायची जागा कमी व्हायची.

अडीच-तीन वर्षांपूर्वी घरात सून आली. अजिनाथ, त्यांचा मुलगा, ट्रक चालवतो. लग्न जमत नव्हतं. ड्रायव्हरला पोरगी द्यायला इकडं कुणी तयार नाही, हे आता गावोगाव ऐकू येतं. ओडिशातल्या बोलांगीर जिल्ह्यातून मिनती आली. बुटकी, सावळी, बारीक आवाजाची मुलगी. अजिनाथशी ती हिंदीत बोलायची, पण दोघांचंही हिंदी कामचलाऊ. तेही तो घरी असला तरच, आणि तो महिन्यातून चार-पाच दिवस घरी असायचा.

पहिल्याच सकाळी रतनबाईंनी तिला सांगितलं, “मिनती, हंड्यातलं पानी घे.” मिनतीनं मान वर केली. चेहऱ्यावर प्रश्न होता. समोरच्या चेहऱ्यावर असा प्रश्न दिसला की काय करायचं, हे रतनबाईंना पाठ होतं. त्या दोन पावलं पुढं आल्या, आवाज चढवला आणि म्हणाल्या, “हं... ड्या... तलं... पाऽऽ... नी!”

हे रतनबाईच करतात असं नाही. गावातला दुकानदार मिनतीशी असाच बोलायचा आणि तालुक्याच्या बँकेतली बाईही. आपण बोलतो आणि समोरचा “काय?” म्हणतो, तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा कारण साधं असतं. मधे गोंगाट असतो, अंतर असतं किंवा त्याचं लक्ष नसतं. अशा वेळी आवाज वाढवला की काम होतं. लहानपणापासून लागलेली ही सवय इतकी मुरलेली असते की समोरच्याला ऐकू आलं नाही की समजलं नाही, हे डोकं ठरवायच्या आत गळा मोकळा होतो. ज्याला शब्दच माहीत नाही त्याला तो मोठ्यानं ऐकवला तर एक मोठा अनोळखी आवाज ऐकू येतो, बाकी काही नाही.

उलट त्यातून नुकसान होतं. मिनतीच्या भाषेतही पाण्याला जवळपास पाणीच म्हणतात. रतनबाई शेजारच्या छबूबाईंशी हापशावर नेहमीच्या लयीत बोलायच्या, तेव्हा मिनतीला मधूनच एखादा शब्द लागायचा. तिच्यासाठी म्हणून जे बोललं जायचं, त्यातलं मात्र काही लागायचं नाही. ओढून लांब केलेला, मधेच तोडलेला शब्द ओळखीचा राहत नाही. सावकाश बोलण्याचा उपयोग होतो, पण थांबायचं ते शब्द संपल्यावर. शब्दाच्या पोटात नाही. त्यात रतनबाई तिच्या सोयीसाठी म्हणून क्रियापदांची शेपटं कापायच्या. “तू. भाकर. खाना. आता.” हे विचारलं, सांगितलं की रागावून म्हटलं, कळायला मार्ग उरायचा नाही.

मिनतीला एकच गोष्ट स्पष्ट कळायची. आवाज चढलेला आहे. चढलेल्या आवाजाचा अर्थ बोलांगीरलाही तोच आहे. सासू सकाळपासून रागावते, असं तिनं अजिनाथला सांगितलं. अजिनाथ हसला. “वो गुस्सा नहीं है, वैसाच बोलती.”

तिनं उपाय शोधला. रतनबाईंचं बोलणं सुरू झालं की मान हलवून “हो” म्हणायचं. “हो” म्हटलं की आवाज थांबायचा. रतनबाईंना वाटायचं, समजलं. म्हणजे पद्धत बरोबर आहे. पुढच्या वेळी आवाज आणखी थोडा वर. दोघींनीही एकमेकींना चुकीचं शिकवलं आणि दोघींनाही पत्ता नव्हता.

छबूबाई एकदा कुंपणावरून म्हणाल्याही, “रतन, तुझी सून बहिरी हाय का गं? तुमच्यात कालवन काय केलंय ते आमाला वेशीपातूर कळतंय.”

“बहिरी न्हाई, पर समजतच न्हाई तिला काय. दोनदोनदा सांगावं लागतंय.”

“मंग तिसऱ्यांदा हळू सांगून बघ की.”

“हळूच सांगती की मी! एकेक अक्षर सांगती.” हे रतनबाई मोठ्यानं म्हणाल्या. छबूबाईंनी कानावर हात ठेवले आणि दोघी हसल्या.

मिनतीला दिवस गेले. आठवा महिना लागला. आशा सेविका ज्योती येऊन तपासून जायची, गोळ्या द्यायची. बाळाची हालचाल होते का, हे तीही हात उडवून, मोठ्यानं विचारायची. मिनती म्हणायची, “हो.” तोवर ते खरंही होतं.

एका सकाळी मिनती चुलीपाशी आली आणि रतनबाईंसमोर उभी राहिली. एक तळवा पोटावर ठेवला, दुसरा हात नकारार्थी हलवला. काहीतरी बोलली. पोट आणि नाही. रतनबाईंनी अर्थ लावला, की भूक नाही. आठव्या महिन्यात असं होतं. त्यांनी गुळाची लापशी केली आणि तिच्यासमोर बसून तिला खायला लावली. “न्हाई... म्हनायचं... न्हाई! बाळा... साठी... खा!” मिनतीनं खाल्लं.

दुपारी तिनं अजिनाथला फोन लावला. तो आंध्रातल्या कुठल्या तरी घाटात होता. इंजिनच्या आवाजात तोही ओरडत होता, तीही. तिच्या हिंदीत जेवढं मावलं तेवढं तिनं सांगितलं. पेट में ठीक नहीं. त्यानं आईला फोन केला. “आई, तिच्या पोटात बरं न्हाई म्हनती. बघ जरा.” रतनबाईंनी ओवा दिला.

दुसऱ्या दिवशी मिनती पुन्हा समोर आली. तीच खूण, तेच बोलणं. रतनबाईंनी परत खाण्याचं काढलं. तेव्हा मिनतीनं जे केलं ते तिनं या घरात कधी केलं नव्हतं. तिनं आवाज चढवला. एक एक शब्द तोडून, सावकाश, रतनबाईंच्या तोंडासमोर तोंड आणून तेच वाक्य म्हटलं. मग आणखी मोठ्यानं, तिसऱ्यांदा.

रतनबाईंच्या हातातलं उलथनं ठेवायचं राहिलं. “माझ्यावर वरडतीस व्हय गं? दोन वर्स झाली न्हाईत तर तोंड वर करून बोलाया लागली!”

मिनती मागं सरकली. म्हणाली, “हो.”

ओसरीवर राधाकृष्ण बसले होते. सुनेचा बारीक आवाज त्यांना दोन वर्षांत कधी ऐकू आला नव्हता. ते उठून आत आले. “काय झालं? ती काय म्हनत हुती?”

“मला... उलट... बोलती!” रतनबाईंनी त्यांच्या तोंडासमोर सांगितलं.

राधाकृष्णांनी मान हलवली. “मला समदं ऐकू आलं आज. शब्द न् शब्द. पर कळलं काहीच न्हाई.”

हे त्यांनी नवलानं सांगितलं. त्यात उपदेश नव्हता. पण रतनबाई उलथनं धरून तिथंच थांबल्या. या माणसाला ऐकू आलं की कळतं, यावर त्यांची सगळी पद्धत उभी होती. त्यांनी मिनतीकडं पाहिलं. चढा आवाज, तोडलेले शब्द, तेच वाक्य पुन्हा पुन्हा. ती ओरडत नव्हती. रतनबाई जे दोन वर्षं करत होत्या, तेच ती करत होती.

त्यांनी उलथनं खाली ठेवलं. मिनतीनं त्यांचा हात धरला, साडी बाजूला करून आपल्या पोटावर ठेवला आणि तसाच दाबून धरला. बराच वेळ. तळव्याखाली काही झालं नाही.

ज्योतीला बोलावलं. तिनं पोटाला हात लावून पाहिला आणि लगेच जीप बघायला सांगितली. नगरला पोचेपर्यंत मिनती खिडकीबाहेर पाहत होती.

दवाखान्यात खाटेशी नर्स आली. तिनं मिनतीकडं पाहिलं, भाषा वेगळी आहे हे ओळखलं आणि वाकून म्हणाली, “बाऽऽळ... कधीऽऽ... पासून... हलत... नाहीऽऽ?”

“हो,” मिनती म्हणाली.

“अवं बाई, बहिरी न्हाई ती,” रतनबाई म्हणाल्या.

नर्स चिडली नाही. “मग आजी, तुम्ही विचारा. कधीपासून, ते कळायला हवं डॉक्टरांना.”

रतनबाई मिनतीकडं वळल्या. मिनती त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. मोठा आवाज आता वापरायचा नव्हता, आणि त्याशिवाय त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं. अजिनाथचा फोन लागत नव्हता. डॉक्टरीण बाई आल्या, त्यांनी हिंदीत विचारून पाहिलं. घाबरलेल्या मिनतीला तेवढंही हिंदी त्या घडीला आठवलं नाही. “तिनं तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का?” त्यांनी रतनबाईंना विचारलं.

“सांगितलं की. काल सांगितलं. आज तीनदा सांगितलं. मी ऐकलं.”

यंत्र पोटावर फिरत राहिलं. ठोके मिळाले नाहीत. आदल्या दिवशी आणलं असतं तर काही करता आलं असतं का, हे डॉक्टर सांगू शकल्या नाहीत. रतनबाईंनी ते आजवर तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारलं आहे.

मिनती माहेरी गेली नाही. अजिनाथनं जवळच्या फेऱ्या घेतल्या आहेत. कारखान्याच्या हंगामात आलेल्या एका ओडिया कामगाराच्या बायकोला तो महिन्यातून एकदा घरी आणतो. ती आली की मिनती तासभर न थांबता बोलते आणि रतनबाई शेजारी बसून राहतात. मिनतीला भाकरी, चूल, शेळी, दुखतंय, नको हे शब्द आता येतात. रतनबाईंना तिचे चार-पाच शब्द येतात. पोटातलं बाळ हलत नाही, हे तिच्या भाषेत कसं म्हणतात, ते त्यांनी त्या बाईकडून विचारून घेतलं. त्यांना ते न अडखळता म्हणता येतं.

परवा दुपारी चहा झाला. मिनती गोठ्यात होती. रतनबाईंनी दारातून हाक मारली, “मिन... ती... चाऽऽ... घे!” शब्द बाहेर पडल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग कप घेऊन स्वतः गोठ्यापर्यंत गेल्या आणि तिच्या हातात दिला.

“हो,” मिनती म्हणाली.

तिला चहा हवा होता की नको, हे रतनबाईंना त्यावरून कळलं नाही.