'गिळा' म्हणणाऱ्या मावशी

आमच्या सर्जिकल ओपीडीत मावशी सव्वीस वर्षं होत्या. पेशंटला हाक मारणं, पडदा ओढणं, ट्रे धुणं ही त्यांची कामं. पण मानेला गाठ असलेला पेशंट आला की पाण्याचा पेला त्याच्या हातात फक्त मावशीच देणार. दुसरी कुणी पुढे झाली तर त्या तिच्याकडे अशा बघायच्या, की ती बिचारी पेला खाली ठेवून बाहेर जायची.

"घोट तोंडात धरा. एवढ्यात पिऊ नका, तहान भागवायला नाही दिलंय. मान जरा वर. हं, आता गिळा."

पेशंट गिळायचा आणि मावशी बाजूने त्याच्या गळ्याकडे टक लावून बघायच्या. थायरॉईड ग्रंथी श्वासनळीला धरून असते. गिळताना नळी वर जाते, तिच्याबरोबर ग्रंथीही जाते आणि तिच्यातली गाठही. चरबीची गाठ किंवा मानेच्या बाजूला सुजलेली लसिकाग्रंथी जागची हलत नाही. मग मावशी म्हणायच्या, "आता जीभ बाहेर काढा, लाजू नका." जीभ काढल्यावरही मधली गाठ वर सरकली, तर ती जन्माआधी मिटायची राहून गेलेल्या नळीतली पाण्याची गाठ असते. हे सगळं त्यांना शिकाऊ डॉक्टरांपेक्षा पक्कं येत होतं. मी त्या पोरांना म्हणायचो, "पुस्तक मिटा, मावशींना विचारा."

मला कौतुक करायची हौस आणि थट्टा करायची त्याहून जास्त. एकदा चहा पिता पिता मी मावशींना म्हणालो, "हलली की थायरॉईड, आणि थायरॉईडच्या गाठी शंभरात नव्वद साध्या. झालं तुमचं शिक्षण, उद्यापासून माझ्या खुर्चीत बसा." मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. उरलेल्या दहांचं काय, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं. पेशंट पाणी पिऊन माझ्या टेबलासमोर बसायचा, तोवर मावशी पुढच्याला आणायला बाहेर गेलेल्या असायच्या. पुढचे कागद त्यांना दिसायचेच नाहीत. आधी टीएसएचची रक्ततपासणी, ग्रंथी जास्त काम करते की कमी ते कळायला. मग मानेची सोनोग्राफी, गाठ एक आहे की अनेक, पाण्याची की भरीव, कडा कशा आहेत ते बघायला. सोनोग्राफीत संशय आला तर बारीक सुई टोचून पेशी काढायच्या आणि तपासायला पाठवायच्या. गाठ हलते, यावरून ती कुठली आहे एवढंच कळतं. चांगली की वाईट, ते मुळीच कळत नाही. हे वाक्य मी वर्गात शंभर वेळा बोललो असेन. मावशी वर्गात नव्हत्या.

एका सकाळी, पेशंट यायच्या आधी, मावशी एका बाईला घेऊन आत आल्या. त्यांची धाकटी जाऊ. दोघींचा संसार एकाच घरात, आणि मावशींचा शब्द तिथे शेवटचा, कारण त्या 'हॉस्पिटलातल्या'. मावशींच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"डॉक्टर, हिच्या मानेच्या बाजूला आणखी एक गाठ आलीय. ती हलत नाही," त्या म्हणाल्या.

"आणि पुढची?"

"पुढची हलते." मग जरा थांबून, "सव्वा वर्ष झालं."

मावशींनी पेला भरून तिच्या हातात दिला. जाऊबाईंनी घोट गिळला. मध्याच्या उजवीकडची गाठ स्वच्छ वर गेली, खाली आली. बोटाला टणक लागत होती. जीभ काढल्यावर जागची हलली नाही. बाजूची मात्र स्नायूखाली घट्ट बसून होती.

"ताईंनी घरीच बघितलं होतं ना," जाऊबाई मोकळेपणानं सांगू लागल्या. "मला पाणी पाजलं, म्हणाल्या, हलतेय, म्हणजे थायरॉईडची साधी गाठ, आमच्याकडे रोज शंभर येतात. मी आपली निश्चिंत. आवाज बसला तरी म्हटलं, सर्दी असेल."

मावशी भिंतीकडे बघत होत्या. मी मान खाली घालून तपासण्यांचे कागद लिहीत राहिलो.

टीएसएच नॉर्मल आला. सोनोग्राफीत गाठ काळसर, कडा वेड्यावाकड्या, आत चुन्याचे पांढरे ठिपके. सुई दोन्ही गाठींना टोचली. आठवड्याने रिपोर्ट आला: थायरॉईडचा पॅपिलरी कॅन्सर, बाजूच्या लसिकाग्रंथीत पोचलेला. मी दोघींना समोर बसवून सांगितलं, की हा कॅन्सर सावकाश वाढणारा आहे, बहुतेक जण यातून बरे होतात. पण सव्वा वर्षापूर्वी आल्या असत्या तर कदाचित अर्धीच ग्रंथी काढून भागलं असतं. आता पूर्ण काढावी लागेल, मानेतल्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागतील.

जाऊबाई मावशींकडे वळल्या. "ताई, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"चुकले मी," मावशी म्हणाल्या. "मला कळत नव्हतं. कळतं असं वाटलं मला."

मी समोर होतो. 'त्यांना हे अर्धवट मीच शिकवलंय' एवढं एक वाक्य बोलायला काय लागतं? मी ऑपरेशनची तारीख बघितली.

ऑपरेशन नीट झालं. आवाजाच्या ज्या नसेला गाठ चिकटली होती, ती वाचवली, पण आवाज घोगराच राहिला. पुढे किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झाला. जाऊबाई मावशींशी कामापुरतं बोलायच्या. घरात मावशींचा शब्द आता कुणी विचारत नव्हतं. पोराचा ताप असो की डोकेदुखी, "ताईंना नका सांगू" असं घरचे म्हणायचे, हे मावशींनीच एकदा मला ट्रे पुसता पुसता सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही.

सहा महिन्यांनी जाऊबाई तपासणीला आल्या. रक्त चांगलं होतं, सोनोग्राफी साफ. मी म्हणालो, "थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. चुकवायची नाही." त्यांनी हात जोडले.

"डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून वाचले. यांच्या भरवशावर राहिले असते तर गेलेच होते."

मावशी फाईल धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती. माझं तोंड उघडलंही. मग मी म्हणालो, "कॅल्शियमच्या गोळ्या संपल्या की सांगा."

जाऊबाई निघून गेल्या. मावशी त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आल्या आणि पडदा सारखा करू लागल्या.

"मावशी," मी म्हणालो, "मी बोलायला हवं होतं. तुम्हाला ते मीच..."

"मला माहीत आहे कुठून आलं ते," त्या म्हणाल्या. "पण नाही बोललात ते बरं केलंत. माझ्यावरचा तिचा भरवसा गेलाच आहे. तुमच्यावरचाही गेला, तर ती गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेईल?"

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर 'सुटलो.'