बेरीजबाईंची पद्धत

शाळेत त्यांना समोर सगळे मोठ्या बाई म्हणत आणि पाठीमागे बेरीजबाई. हे टोपणनाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गणित शिकवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली, मुख्याध्यापिका होऊन सहा झाली, पण हातातली पेन्सिल सुटली नव्हती. कुणीही तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आला की चहा गार होईपर्यंत त्या प्रत्येक पानावरच्या गुणांची बेरीज पुन्हा करत. दर गठ्ठ्यात एखादी चूक सापडायचीच. मग त्या शिपाईमामांना हाक मारून सांगत, "सरांना म्हणावं, अर्धा गुण हरवलाय, येऊन घेऊन जा."

घरीही तेच. त्यांचे यजमान नकाशे काढणारे, निवृत्त झालेले. ते म्हणायचे की आमच्या हिला जिना चढताना पायऱ्या मोजल्याशिवाय वर पोचल्यासारखं वाटत नाही.

बाईंना मात्र या मोजण्याने तारलं होतं. लहानपणी पेपर देऊन घरी आल्या की त्यांचे वडील प्रश्नपत्रिका पुढ्यात पसरत आणि दोघं मिळून एकेका प्रश्नापुढे गुण मांडत. बेरीज झाली की पोरीची भीती जायची. आकडा कळला म्हणजे अंधार संपला, असं त्यांना तेव्हापासून वाटत आलं होतं. म्हणून गेल्या वर्षी शेवटच्या दोन वर्गांच्या पालकांची सभा भरली, तेव्हा त्यांनी मनापासून सांगितलं होतं: रोज पेपर झाला की मुलाजवळ बसा, गुण मांडा, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळेल. पालकांनी ते उतरून घेतलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

यंदाच्या सभेला चार दिवस होते, तेव्हा गणिताचे सर एक उत्तरपत्रिका घेऊन आले. सराव परीक्षेची होती. मुलगी वर्गातली पहिल्या पाचातली, आणि गुण ऐंशीपैकी एकतीस. सर म्हणाले की बेरीज बरोबर आहे बाई, मी तीनदा केली, तुम्ही समासात बघा.

समासात बारीक पेन्सिलीने आकडे होते, एकाखाली एक. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. साडेपंचाहत्तर. त्र्याहत्तर. प्रत्येक उदाहरण सोडवून झालं की पोरीने थांबून, आपले किती गेले असतील, तेवढे गुण वजा केले होते. एकाहत्तरपाशी लिहिलं होतं, 'पुरणार नाहीत'. पुढची चार पानं कोरी होती.

बाईंनी मुलीला बोलावलं. ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि आधी म्हणाली की पोटात दुखत होतं. बाईंनी पाणी पुढे केलं. ते पिऊन झाल्यावर मुलगी म्हणाली, "पेपर सोडवतानाच मला घरचं टेबल दिसायला लागतं, बाई. बाबा चष्मा पुसून बसलेले असतात." आणि मग, खाली बघून, "मी बोर्डाच्या परीक्षेला नाही बसणार. घरी अजून सांगितलं नाहीये."

झोप लागते का, जेवण जातं का, हे बाईंनी एकेक विचारलं. झोप तुटक होती, सकाळी उलटीसारखं व्हायचं. "जीव नकोसा होतो का गं कधी?" हेही त्यांनी सरळ विचारलं, कारण असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे त्यांना एका प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. मुलगी नाही म्हणाली. फक्त ते टेबल नकोसं होतं. शाळेच्या समुपदेशक बाईंकडे तिला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली, आणि घरी मी बोलू का, असं विचारून तिची परवानगी घेतली.

संध्याकाळी तिचे वडील आले. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं त्यांचं काम. पाव नंबर चुकला तरी माणसाचं डोकं दुखतं, म्हणून सगळं दोनदा मोजणारा माणूस. त्यांनी कोरी पानं एकेक करून उलटून बघितली. मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. रकाने आखलेले: प्रश्न, अपेक्षित, मिळतील, गेले. वर्षभरातली एकही चाचणी सुटलेली नव्हती. वहीच्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मोठ्या बाईंची पद्धत'.

"माझं मोजायला कुठे चुकलं तेवढं सांगा, बाई," ते म्हणाले.

त्या माणसाच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच बाईंना सोसेना. मोजण्यात चूक नाही, असं त्या कसंबसं म्हणाल्या. बाकीचं मला शनिवारी सभेत सांगू द्या, तोवर वही बंद ठेवा आणि तिला काही विचारू नका.

घरी गेल्यावर त्यांनी भाषणाचे जुने चार कागद काढले. यजमानांनी विचारलं की एवढं काय खोडतेस. बाईंनी सगळं सांगितलं. ते नखाने टेबलावर रेघ ओढत म्हणाले, "नकाशा चुकला की आम्ही नवा काढून मोकळे होत नसू. जुना ज्यांच्याकडे गेलाय त्यांना कळवावं लागायचं."

शनिवारी सभागृह भरलं. पालक वह्या-पेनं घेऊन बसले होते. काचा घासणारे वडील मागून तिसऱ्या रांगेत, वही मांडीवर. मुलीचा विषय काढायचा नाही आणि वडिलांकडे बघायचंही नाही, हे बाईंनी ठरवलं होतं.

"गेल्या वर्षी याच जागेवर उभं राहून मी तुम्हाला सांगितलं की पेपर झाल्यावर मुलांसोबत गुण मांडा," त्या म्हणाल्या. "ते चुकीचं होतं. तुम्ही ते नीट पाळलंत, ही तुमची चूक नाही. चूक माझी आहे."

पेनं थांबली. सव्वीस वर्षांत बाईंच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. दाराशी उभे असलेले शिपाईमामा नकळत सरळ झाले.

मग त्यांनी कारण सांगितलं, वर्गात उदाहरण समजावतात तसं, सावकाश. डोक्याला एका वेळी थोडंच धरता येतं. त्यातला अर्धा भाग 'किती गेले' या हिशेबात अडकला की उदाहरण सोडवायला उरतं ते अर्धं. मुलाला येत नसतं असं नाही, त्याला जागा उरत नाही. आणि झालेला पेपर बदलत नाही, पण त्याची बेरीज उद्याच्या पेपरात मुलासोबत जाऊन बसते. चाचणीतल्या चुका बघायच्या असतील तर आठवड्याने, शिक्षकांसोबत, शिकण्यासाठी बघाव्यात. मोठ्या परीक्षेच्या दिवसांत तर मुळीच नाही.

मागून एक आई उठली. तिने विचारलं की मग दारात आल्यावर विचारायचं तरी काय? गप्प बसलो तर पोरगी म्हणेल, यांना काही पडलेलीच नाही.

"भूक लागली का, विचारा. दमलीस का, विचारा," बाई म्हणाल्या. "ती पेपरचं बोलायला लागली तर ऐका, पूर्ण ऐका. पण आकडा तुम्ही काढू नका. नातेवाइकांचा फोन आला तर तो तुम्ही घ्या आणि तुम्हीच संपवा. शेजारच्याच्या पोराचं काय झालं, ते शेजारच्याकडेच राहू द्या."

घर कसं ठेवावं, हेही त्यांनी सांगितलं. सगळं बंद करून, कुजबुजत वावरू नका, अशा शांततेचं ओझं जास्त होतं. यावर एक गृहस्थ म्हणाले की आमच्याकडे फ्रिज उघडला तरी आई ओरडते, हळू, पोराची परीक्षा आहे. लोक हसले, बाईही हसल्या. म्हणाल्या की आजींना सांगा, फ्रिजला परीक्षा नाहीये. झोप कापून अभ्यास करू देऊ नका, रात्री जे पाठ केलं ते झोपेतच पक्कं होतं. तासाभराने दहा मिनिटं उठू द्या, आणि त्या दहा मिनिटांत 'झालं का?' विचारू नका. वेळापत्रक मुलाला करू द्या, तुम्ही फक्त जेवणाची वेळ सांभाळा. पेपर बघून डोकं कोरं झालं तर काय करायचं, हे आधीच बोलून ठेवा: पेन खाली ठेवायचं, पाच श्वास सावकाश सोडायचे, येतं ते सगळ्यात सोपं उदाहरण आधी घ्यायचं. आणि एक वाक्य परीक्षेआधी म्हणून टाका, निकालानंतर नाही: काहीही झालं तरी पुन्हा परीक्षा देता येते, आणि घर आहे तिथेच असेल.

शेवटचं त्यांनी कागद बाजूला ठेवून सांगितलं. सतत पोट दुखणं, जेवण न जाणं, झोप उडणं, सगळ्यांपासून दूर बसणं, 'मी नसतो तर बरं' अशी भाषा, यातलं काही दिसलं तर नाटक समजू नका. त्याच दिवशी शाळेला कळवा, डॉक्टरांकडे न्या, मुलाला एकटं सोडू नका. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. ठेवली तर माझ्याकडे पाठवा.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक हळूहळू उठले. वडील टेबलापाशी आले, वही पुढे केली आणि फाडून टाकू का, असं विचारलं.

"तिची आहे. तिला विचारा," बाई म्हणाल्या.

सोमवारी मुलगी स्वतः प्रवेशपत्रावर सही करायला आली. समुपदेशक बाईंकडे तिच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. वहीचं काय केलंस, असं बाईंनी विचारलं नाही, तिनेच सांगितलं की मागची पानं कोरी आहेत, कच्च्या कामाला घेतली. पुठ्ठ्यावरचं नाव बाबांनी खोडलं नाही, त्यावर नुसता कागद चढवला.

परीक्षेच्या दिवसांत बाईंनी फाटकाशी एक खोका ठेवायला लावला. ज्याला प्रश्नपत्रिका घरी न्यायची नसेल त्याने ती त्यात टाकावी. मामांनी आधी कुरकुर केली की हे काय रद्दीचं दुकान आहे का, मग स्वतःच खोक्याला छान भोक पाडून आणलं.

गणिताच्या पेपराला बाई वरच्या खिडकीत उभ्या होत्या. मुलगी बाहेर आली, खोक्यापाशी थांबली, कागद आत सोडला. फाटकाबाहेर वडील होते. त्यांचं तोंड उघडलं. बाईंनी खिडकीचा गज धरला. वडिलांनी तोंड मिटलं, तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडून परत दिली. दोघं चालू लागली. ती कोपऱ्यापर्यंत काहीतरी हातवारे करून सांगत होती आणि ते मान हलवत होते.

सगळे गेल्यावर बाई खाली आल्या. खोका अर्धा भरला होता. वरचाच कागद त्या मुलीचा असणार. समासात काही लिहिलंय का, एवढंच बघावं, म्हणून त्यांनी हात आत घातला. बोटांना कागद लागला. पेन्सिल पदराला अडकवलेलीच होती.

"काही हरवलं का, बाई?" मामांनी विचारलं.

बाईंनी हात बाहेर काढला. "नाही," त्या म्हणाल्या. "दोरी आणा, मामा. आपण हा बांधून टाकू."